ठकीनंतरचा भोपळ्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर आई रडते, मग मीही रडते आणि मुद्द्याचे राहून जाते. म्हणून सावकाश लिहीत आहे. आधी एक कबुली देते. माईकाकूंकडचे मांजराचे पिल्लू आपल्याला नको, असे मी परवा त्यांना परस्पर कळवून टाकले. बाबा, तुम्ही त्याच्यासाठी टोपलीही काढून ठेवली होतीत, हे मला नंतर आईकडून कळले आणि फार वाईट वाटले. तुम्हाला न विचारता ठरवण्याचा मला अधिकार नव्हता. परंतु पिल्लू रविवारी घरी येणारच होते आणि त्याआधी ते थांबवणे आपल्या भोपळ्या बोक्यासाठी गरजेचे होते. कारण पुढे लिहिते. पत्र पूर्ण वाचल्यावरही राग उरला तर जरूर रागवा.

आपल्या ठकी मांजरीला मी पुण्याला आणले, इथेच ती गेली आणि इथेच तिला माती दिली, याचे ओझे माझ्या मनावर आहे. तिला पिंजऱ्यातून गाडीत ठेवताना भोपळ्या पायरीवर बसून पाहत होता. आता कोणाचीही गाडी थांबली की तो फाटकापर्यंत धावत जातो आणि परत येऊन पायरीवर बसतो, असे आई म्हणाली, तेव्हा मला काही सुचेना. त्याला ठकीचा देह पाहायला मिळाला असता तर तो शोधत राहिला नसता, असे तुम्हाला वाटते. मलाही तसे वाटले होते. देह दाखवावा असे काही जण सांगतात, पण त्याने मांजराचे शोधणे थांबते याला भक्कम पुरावा नाही. तेव्हा आई, ही टोचणी तू मनाला लावून घेऊ नकोस.

तो जे करतो आहे ते जगावेगळे नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ओकलंड विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2024 मध्ये 412 मांजरपाळकांची उत्तरे तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातले दुसरे जनावर गेल्यावर मागे राहिलेल्या मांजराचे खाणे, झोपणे आणि खेळणे कमी होते, ते माणसांच्या मागेमागे करते, लपून बसते आणि गेलेल्याला शोधताना दिसते, असे त्यात आढळले. अर्थात ही पाहणी पाळणाऱ्यांच्या सांगण्यावर आधारलेली आहे आणि ज्यांना स्वतःला जास्त दुःख झाले होते, त्यांना आपले मांजरही जास्त दुःखी दिसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण भोपळ्या दिवसभर झोपाळ्याखाली बसला की तुम्ही दोघेही जेवत नाही. बाबा, तुमच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत. त्याचे मन आपल्याला वाचता येणार नाही, पण तो किती खातो, किती वजनाचा आहे आणि लघवीला जातो की नाही, एवढे नक्की कळू शकते. तेवढेच आपण पाहू.

सगळ्यांत आधी खाणे. मांजराने उपास केला की अंगातली चरबी यकृताकडे जाऊ लागते आणि मांजराचे यकृत तेवढी चरबी पचवू शकत नाही. ती तिथेच साचते, मळमळ होते, मळमळीमुळे मांजर आणखी खात नाही आणि दुखणे वाढत जाते. हा धोका लठ्ठ मांजराला अधिक असतो आणि आपल्या भोपळ्याचे नाव भोपळ्या का पडले हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून एक नियम पक्का ठेवा. चोवीस तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, तर चिपळूणच्या डॉक्टरांना फोन करावा. दुसरा दिवसही तसाच गेला, तर त्याला घेऊनच जावे, “दुःखात आहे, खाईल हळूहळू” म्हणून वाट पाहू नये. कानाच्या आतला भाग, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला, लाळ गळू लागली किंवा वारंवार उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी न्यावे.

वजनाचे काम बाबांनी करावे, कारण तुमचा हात मापाला बसलेला आहे. काजूबिया तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी रिकामा खोका ठेवा, काटा शून्यावर आणा आणि मग भोपळ्याला आत बसवा. खोक्यात तो आपणहून बसतो. लस टोचली तेव्हा तो 5 किलो 600 ग्रॅम होता. गेल्या शनिवारी तुम्ही 5 किलो 380 ग्रॅम सांगितलेत, म्हणजे 220 ग्रॅम, सुमारे चार टक्के कमी. आज घाबरण्यासारखे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. काटा 5 किलो 40 ग्रॅमपर्यंत आला तर दहा टक्के वजन गेले असे समजा, आणि तो वरवर ठीक दिसत असला तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. पुढच्या शनिवारी आणखी दोनशे ग्रॅमने उतरला, तर त्या आकड्याचीही वाट पाहू नका. त्याचेही वय आता नऊ आहे. खाणे कमी होण्यामागे दुखरा दात किंवा मूत्रपिंड असू शकते आणि तेही “ठकीची आठवण” म्हणून आपल्याकडून निसटू शकते.

आई, आता तुझ्याकडे येते. त्याला दूधभात देणे थांबव. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, पोट मात्र भरते आणि मग मासा तसाच राहतो. मासा नुसता पाण्यात उकडून, काटे नीट काढून, मीठ, हळद आणि कांदा-लसूण न घालता दे. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, आपल्या आमटीचे पाणीसुद्धा नको. सकाळचा उरलेला मासा किंवा त्याचे पाकिटातले खाणे असेल, तर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट कर, म्हणजे वास सुटतो आणि मांजर आधी वासावरच खाते. किती कोमट ते तुला सांगायची गरज नाही. आमचे दूध तू मनगटावर थेंब टाकून पाहायचीस, तेवढेच कोमट. एका वेळी दोन-तीन चमचे, दिवसातून चार वेळा, नेहमीच्याच कोपऱ्यात ठेव आणि वीस मिनिटांनी उचल. तोंडात बळेच घास घालू नकोस, कारण त्यामुळे त्या खाण्याचाच तिटकारा बसतो.

ठकीची गोधडी तू धुतलीस याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस, घर आवरून मन आवरायची तुझी पद्धत मला ठाऊक आहे. फक्त फडताळाखालच्या टोपलीतला तुझ्या जुन्या नऊवारीचा तुकडा अजून काही आठवडे धुऊ नकोस. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना चाटून, अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात, आणि घर आपले आहे हे त्यांना त्या वासावरूनच कळते. तो वास एका दिवसात नाहीसा होण्यापेक्षा आपोआप विरत गेलेला बरा. भोपळ्या त्या टोपलीत झोपू लागला तर झोपू दे. ठकी होती तेव्हा त्याला त्या टोपलीत जागा नव्हती. तो खाणे सोडून दिवसच्या दिवस तिथेच पडून राहू लागला, तरच टोपली थोडी बाजूला घ्यावी.

रात्रीच्या हाका ऐकून बाबा दोन वाजता उठतात, दिवा लावतात आणि त्याला मासा देतात, हे मला मुळीच पटलेले नाही. एकतर तुमचा गुडघा आणि पडवीची ती पायरी. दुसरे असे की, हाक मारली की मासा मिळतो हे मांजर चार दिवसांत शिकते आणि मग शोक ओसरला तरी हाका ओसरत नाहीत. त्याऐवजी रात्री साडेनऊला सुंभाच्या टोकाला चिंधी बांधून दहा मिनिटे त्याच्यासमोर जमिनीवरून ओढावी, तो नुसते पाहत बसला तरी चालेल. त्यानंतर दिवसाचा शेवटचा घास द्यावा. खेळून, खाऊन, अंग चाटून झोपणे हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. रात्री ओरडला तर रागावू नका, पण उठूही नका. महिन्याभरात हाका कमी झाल्या नाहीत, तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घेऊ, कारण उतारवयातली मांजरे त्यामुळेही रात्री ओरडतात.

एक गोष्ट बाबांनाच सांगते. भोपळ्या नसबंदी झालेला बोका आहे. मनावर ताण आला की अशा बोक्यांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते आणि कधीकधी लघवीची वाट पूर्ण बंद होते. तो परसात जात असल्यामुळे हे आपल्या लक्षातही येणार नाही. म्हणून काही आठवडे न्हाणीघराच्या कोपऱ्यात पसरट घमेल्यात वाळू ठेवा आणि रात्री त्याला घरातच ठेवा. सकाळी वाळूत ओली ढेकळे दिसायला हवीत. तो पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, थेंबच येत असतील किंवा काहीच येत नसेल, तर सकाळ होईपर्यंतही थांबू नका, शेजारच्या दादाची गाडी घेऊन निघा आणि मला वाटेतून फोन करा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. घरातली तापाची गोळी त्याला कधीही देऊ नये, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

आता पिल्लाचे. 2016 मध्ये भोपळ्या खिशात मावेल एवढा होता, तेव्हा ठकी तीन आठवडे माळ्यावरून उतरली नव्हती आणि बाबा तिला शिडीवर चढून वाटी देत होते, आठवते ना? तेव्हा ती पाच वर्षांची, धडधाकट होती. भोपळ्या आज अर्धपोटी आहे. त्याच्या दृष्टीने पिल्लू म्हणजे ठकीच्या जागी आलेले कोणी नव्हे, त्याच्या घरात शिरलेला परका जीव. तशात माईकाकूंच्या पिल्लाचे लसीकरण झालेले नाही आणि त्याला सर्दीही आहे. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही. सध्या भोपळ्याला तेच परवडणारे नाही.

हे कायमचे नाही, बाबा. त्याचे वजन सलग चार शनिवार टिकले आणि तो चिंधीमागे धावू लागला, की आपण पुन्हा बोलू. तेव्हा पिल्लाला आधी माडीवरच्या खोलीत वेगळे ठेवू आणि मी आठ दिवस रजा काढून येईन. कदाचित तो एकटाच सुखात राहील असेही दिसेल, काही मांजरे तशी राहतात. पिल्लासाठी काढलेली टोपली मात्र मोडू नका.

शनिवारी सकाळी, खाणे देण्याआधी वजन करून मला आकडा कळवा. आई, तू वेळेवर जेव आणि दुपारी पडवीत त्याच्याजवळ बसून पूर्वीसारखी वाती वळत जा. त्याला उचलून घेऊ नकोस, तो आपणहून मांडीवर आला तर येऊ दे.

तुमची,
नीलू