रेडिओखाली ठेवायचं पत्र

बोल्टन, इंग्लंड
रविवार, संध्याकाळ

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "बाबांवर काय लिहितेयस म्हणे? आपल्या घरात लिहिण्यासारखं घडलं काय?" आणि मी म्हटलं, "काही नाही गं, असंच." फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. इतकी वर्षं इकडे काढून उत्तर मात्र हुबेहूब आईसारखं दिलं. म्हणून आता सविस्तर लिहिते. कागदावर मला बोलता येतं, फोनवर येत नाही. तुझंही तसंच आहे, नाही म्हणू नकोस.

मी 1982 सालचं लिहितेय. संपाचं नाही खरं तर, संपाच्या काळातल्या आपल्या खोलीचं. संपावर बरंच लिहून झालंय. 18 जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, एवढं कुणीही सांगेल. मला धरून ठेवलंय ते वेगळ्याच गोष्टीने: तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपला, असं कुणी जाहीर केलं नाही. त्यामुळे आपल्याकडेही "नोकरी गेली" हे वाक्य म्हणायची वेळ कधी आलीच नाही. आठवतं ना, आई किती वर्षं "संप मिटला की" म्हणायची? संप मिटला की पंखा घेऊ. संप मिटला की धाकटीचे कान टोचू. माझे कान शेवटी गावी, मामाने टोचून आणले.

पहिला खर्डा लिहिला तो फारच वाईट झाला. त्यात आई बाबांना विचारते, "आता आपलं कसं व्हायचं?" लिहिलं, वाचलं आणि लाज वाटली. आईच्या तोंडी हे वाक्य कधी तरी आलं असेल का? मग ते खोडलं आणि त्याऐवजी लिहिलं, "घरात भयाण शांतता पसरली." हे तर त्याहून खोटं. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत शांतता होती कुठे! स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज, नळावरची भांडणं, शेजारच्या काकूंचा खोकला, वर रेडिओ. आणि आपण सगळे अखंड बोलत होतो. पाणी आलं का, रॉकेलची रांग केवढी आहे, गॅलरीतला बल्ब कुणी काढला. एकच विषय सोडून सगळ्यावर बोलत होतो. हे ध्यानात आल्यावर मी संवाद कमी करण्याऐवजी वाढवले. आता त्या प्रकरणात माणसं पानभर बोलतात, आणि सगळं बोलणं रॉकेलवर आहे. बाबा मात्र त्या पानात पत्र्याची पेटी उघडून मिलचं हजेरीकार्ड बघतात आणि परत ठेवतात. त्यावर कुणी काही म्हणत नाही, आणि मीही लेखिका म्हणून काही म्हणत नाही. हे दुसरं जास्त अवघड गेलं. "त्यांच्या डोळ्यांत वेदना होती" छापाची सतरा वाक्यं मी मोजून काढून टाकली.

मग आईची भाषा. मराठीत न बोलण्याची सोय आधीपासूनच किती करून ठेवलीय बघ. तांदूळ संपले म्हणायचं नाही, "तांदूळ वाढले" म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. जाताना "येते" म्हणायचं. त्या वर्षी आपल्या डब्यातले तांदूळ दर महिन्याला वीस तारखेलाच वाढायचे. लहानपणी मला वाटायचं, बरं आहे की, आपल्याकडे सारखं वाढतंय! हा गैरसमज मी गोष्टीत तसाच ठेवलाय, कारण सांगणारी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला शब्द कळतो, त्याच्याखालचं कळत नाही. आणि आईच्या पाटल्या! "झिलईला दिल्यात" असं म्हणाली होती ना ती काकूंना? कुठला सोनार झिलईला इतकी वर्षं लावतो! पण काकूंनी विचारलं नाही. त्यांच्या हातात तरी तेव्हा काय उरलं होतं?

रागावली की आई बाबांशी आपल्यामार्फत बोलायची, ते मात्र मी जसंच्या तसं घेतलंय. बाबा दोन हात अंतरावर बसलेले असायचे आणि ती मला सांगायची, "बाबांना सांग, पाणी तापलंय." मी वळून सांगायची, "बाबा, पाणी तापलंय." बाबा मलाच म्हणायचे, "सांग, आलोच." यात कुणी रागावलंय असं लिहावं लागत नाही.

इकडची एक गोष्ट सांगते. बर्न्लीजवळ हार्ल साइक नावाच्या गावात एक जुनी विणाईची मिल म्युझियम म्हणून ठेवली आहे, क्वीन स्ट्रीट मिल. तीनशेच्या आसपास माग ओळीने उभे आहेत. दाखवण्यासाठी त्यातले मोजकेच चालवतात, पण तेवढ्यानेही कान फुटायची वेळ येते. धोटा आपटतो तो छातीत लागतो. तिथे समजलं की लँकेशायरच्या विणकर बायका त्या गदारोळात ओठ मोठे मोठे हलवून, चेहऱ्याने आणि हातांनी बोलायच्या. त्याला 'मी-मॉ' म्हणतात. मग ही सवय खात्याबाहेरही टिकली. दुखणंखुपणं, कुणाला दिवस गेलेत, असल्या चारचौघांत मोठ्याने न बोलायच्या गोष्टी त्या घरीही तशाच, आवाज न काढता बोलायच्या.

ऐकलं आणि मी मागांच्या मध्येच उभी राहिले. ताई, बाबा! ते आपल्या तोंडाकडे बघायचे ना, डोळ्यांकडे नाही? आपल्याला वाटायचं, रागाने बघतायत. ते ओठ वाचत होते. लूमवर एवढी वर्षं उभं राहिल्यावर कान किती शिल्लक राहणार! आणि जेवताना भात नको असला की तळहात आडवा करून दोनदा हलवायचे, ती खूण खात्यातलीच असणार. आपण त्यांना अबोल म्हणत होतो. निम्मं त्यांना ऐकूच येत नसेल आणि ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ही ओळ मी गोष्टीत घातलेली नाही. फक्त एका जागी मुलगी पाठमोऱ्या बाबांना हाक मारते आणि ते वळत नाहीत. दुसऱ्या जागी ती समोर येऊन बोलते आणि ते लगेच उत्तर देतात. मध्ये दहा पानं आहेत. ज्याला जुळवायचं तो जुळवेल.

सगळे जुळवतात असं नाही, हेही सांगते. इथे माझी एक नागपूरची मैत्रीण आहे, तिला वाचायला दिलं. "आवडलं का" विचारत नाही मी आता, त्याला सगळे हो म्हणतात. "काय झालं ते मला सांग" म्हणते. पाटल्यांचं तिने चटकन ओळखलं, तांदळांचंही. पण डब्याच्या प्रसंगावर म्हणाली, "म्हणजे वडिलांची बाहेर कुणीतरी होती." मी कपाळावर हात मारला!

चूक तिची नव्हती. प्रसंग असा होता: मिल बंद असल्याचं सगळ्या चाळीला माहीत असताना बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला, साडेसहाला, डबा घेऊन बाहेर पडतात. कुठे, ते कुणी विचारत नाही. संध्याकाळी परत येतात तेव्हा डबा धुतलेला असतो. बस, एवढंच लिहिलं होतं. वाचणाऱ्याला काय माहीत की एरवी डबा कसा यायचा? धुतलेला डबा ही खूण कधी होईल, तर आधी न धुतलेला डबा दिसला पाहिजे. म्हणून आता तो आधी तीनदा येतो. तो ॲल्युमिनियमचा दोन खणी डबा, झाकणाच्या कडेला सुक्या कालवणाचा पिवळा डाग, खालच्या खणात भाकरीचा चुरा, आई तो मोरीत उपडा करते आणि राखेने घासते. पहिल्यांदा सविस्तर, दुसऱ्यांदा एका ओळीत, तिसऱ्यांदा नुसता उपडा केल्याचा आवाज. चौथ्यांदा आई झाकण उघडते आणि आत बोटाला ओल लागते.

हे पुन्हा लिहिताना एक गोष्ट वर आली, आणि पत्राचं खरं कारण तेच आहे.

त्या दिवसांत बाबांची चप्पल जिन्यात वाजली की तू धावत जायचीस आणि त्यांच्या हातातला डबा घ्यायचीस. मला त्याचा राग यायचा, कारण मला वाटायचं तुला लाडकी व्हायचंय. तू डबा घेऊन थेट गॅलरीच्या टोकाच्या नळावर जायचीस. आणि त्या महिन्यांत रात्री आपल्याला फोडणीच्या भाकरीचा कुस्करा असायचा, आठवतो? तू म्हणायचीस, काकूंनी दिली भाकरी. काकूंचे चार मुलगे होते ताई, त्या कुठून भाकरी देणार?

बाबा खात नव्हते ना? डबा भरलेलाच परत यायचा आणि तू तो आईने बघायच्या आत रिकामा करून धुवायचीस. आईला ते ठाऊक होतं का, हे मला कळत नाही. पण आता आठवतंय, पावसाळ्यानंतर ती डब्यात तीनऐवजी चार भाकऱ्या घालायला लागली होती. एक भाकरी वाढवायची ऐपत नव्हती तेव्हा.

तुला हे विचारायचं धाडस मला तोंडाने होणार नाही, आणि तू सांगणारही नाहीस. मी चुकीचं वाचलं असेन तर ते पान काढून टाकेन. बरोबर असेल तरीही, ते छापावं का हा तुझा प्रश्न आहे, माझा नाही. तू तेरा वर्षांची होतीस, आणि ते गुपित तू सांभाळलंस. छपाईला अजून अवकाश आहे. नाव, चाळ, मिल, सगळं बदललंय. पण आई ओळखेलच.

तिचं काय करायचं, याचा खूप विचार केला. आजोबा गेल्याचं कार्ड आलं तेव्हा बाबांनी ते कुणाला वाचून दाखवलं नाही, रेडिओखाली सरकवून ठेवलं, एक कोपरा बाहेर. आईने भाकऱ्या टाकता टाकता तो कोपरा बघितला, हात धुतले, वाचलं, परत तसंच ठेवलं, आणि त्या दिवशी बाबांच्या पानात गोड वाढलं नाही. माझ्या दहावीचा निकालही तिथेच ठेवला होता. देवरुखला तो रेडिओ अजून फळीवर आहे ना? वाजत नसला तरी चालेल.

आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, नवीन चष्म्याचं माप घेऊन ठेव, पैसे मी पाठवलेत. यंदा आंबा कमी आहे म्हणालीस, तर पेटी पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, आमसुलं पुरेत. मुलांना आशीर्वाद. भाओजींना नमस्कार.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. फळीवर ठेव, एक कोपरा बाहेर येऊ दे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तुझी,
धाकटी