चाकण की बुटीबोरी?

हिंगणघाट
१० डिसेंबर

प्रिय प्रवीण,

तुझी इंटर्नशिपची दोन्ही ऑफर-पत्रं वाचली. चाकणची मोठी कंपनी महिन्याला १५ हजार देते, बुटीबोरीची छोटी ८ हजार. तुझ्या घरात सध्या फक्त हे दोन आकडे फिरत असतील, म्हणून आधी तेच संपवतो. चाकणला खोलीतला वाटा ६ हजार, मेस ४ हजार, येण्याजाण्याचे १ हजार. उरले ४ हजार, त्यातूनच घरी सिंदीला यायचं भाडं आणि खोलीचं डिपॉझिट. बुटीबोरीला घरून रेल्वेच्या पासवर जाशील. पास, स्टेशनपासूनचा ऑटो आणि चहापाणी मिळून २ हजार धर, तरी ६ हजार हातात राहतात.

आता खरा प्रश्न. पाच गोष्टींना १०० पैकी वजन दे, आणि तेही गुण देण्याआधी. नाहीतर मनातली कंपनी जिंकेल असंच वजन पडतं. तू मशीन डिझाइनमध्ये जाणार, म्हणून मी शिकण्याला ३५, मार्गदर्शकाला ३०, नावाला १५, जागा आणि स्टायपेंडला १०-१० धरले. मग प्रत्येकाला ५ पैकी गुण. चाकणला अनुक्रमे २, २, ५, २, २ दिले. पत्रात गाइडचं नाव नाही, काम फक्त ‘विविध विभागांत’ असं लिहिलंय. अशा ठिकाणी पोरं बहुतेक वेळा एक्सेलच्या तक्त्यांतच सहा महिने काढतात. बुटीबोरीला ४, ४, २, ५, ३, कारण तिथे जिग-फिक्स्चरचं काम नेमकं लिहून दिलंय. गुणिले वजन केलं की बेरीज ५०० पैकी चाकण २४५, बुटीबोरी ३७०.

पण गड्या, यावर लगेच होकार कळवू नको. छोट्या कारखान्यात गाइड म्हणजे बहुधा मालकच. तो ऑर्डरीसाठी बाहेरगावी असला की इंटर्नला एकाच मशीनवर उभं करतात आणि रोज तोच पार्ट काढून घेतात. तसं असेल तर शिकणं २ वर, मार्गदर्शक १ वर येतो, अन् बेरीज २१० होते. म्हणजे चाकण पुढे. सगळा निकाल त्या एका माणसावर टेकलाय.

म्हणून त्यांना फोन कर आणि विचार: माझं ड्रॉइंग कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळा? चौथ्या आठवड्यात माझ्या हातात कोणतं काम असेल? मागच्या इंटर्ननं काय बनवलं, त्याचा नंबर मिळेल का? ‘सगळंच शिकवू’ एवढंच उत्तर आलं तर मार्गदर्शकाचे दोन गुण काप. वाराचं आणि माणसाचं नाव सांगितलं तर चार कायम ठेव. जुन्या इंटर्नला मात्र एवढंच विचार की त्याच्या ड्रॉइंगवर लाल पेनानं खुणा कोण करायचं.

हेच प्रश्न चाकणच्या एचआरलाही मेलनं पाठव. तिथे चांगला गाइड निघाला तर गुण बदलतील. दोघांकडेही उत्तरासाठी तीन दिवस मागून घे, आणि तोवर कुणालाच हो म्हणू नको. जे ठरेल त्यात गाइडचं नाव, काम अन् कालावधी लेखी घे. कॉलेजच्या एनओसीसाठीही ते लागेल.

फोन झाला की उत्तरं जशीच्या तशी लिहून पाठव, आपण बेरीज पुन्हा करू. काकाजी-काकूंना नमस्कार.

तुझा,
सचिन