स्तोत्र १३७ चं नववं वचन

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत ते नीट लिहूनच कळवते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत स्तोत्रसंहिता ओळीने चालली आहे, आता १३७ वं येणार, आणि शेवटचं वचन मोठ्याने वाचायचं की सहाव्यावर थांबायचं, असा तुमचा प्रश्न. आई म्हणाली, "असलं प्रार्थनेत नकोच." तुमचं म्हणणं, शास्त्रातलं गाळायचा आपल्याला काय अधिकार? मी इतकी वर्षं जुना करार शिकवते, पण या नऊ वचनांपाशी वर्ग दरवेळी अडतो, आणि अडायलाच हवा असं मला वाटतं.

पहिली सहा वचनं सगळ्यांना प्रिय आहेत. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणं, वाळुंजांवर टांगलेल्या वीणा, "सीयोनेचं एखादं गाणं म्हणा की" असं पकडून नेणाऱ्यांनीच फर्मावणं. मग यरुशलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो, ही शपथ. आपल्याकडची बहुतेक प्रवचनं इथेच संपतात. सातव्यात अदोमाचं नाव येतं, आठव्यात बाबेलचं, आणि नवव्यात तिची तान्ही बाळं धरून खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. हे वाचून आईच्या पोटात कालवलं असणार. ज्याच्या पोटात कालवत नाही त्याने ते वाचलेलंच नाही.

बाबा, हे वचन वाचण्याआधी २ राजे २५ उघडा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेला सुमारे दीड वर्ष वेढा घातला. आत अन्न संपलं, मग तट फुटला. सिद्कीया राजा रात्रीच निसटला, पण यरीहोच्या मैदानात खास्द्यांनी, म्हणजे बाबेलच्या सैन्याने, त्याला गाठलं आणि रिब्ला इथे बाबेलच्या राजापुढे उभं केलं. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि त्यानंतर त्याचे डोळे काढले. म्हणजे त्याने शेवटचं पाहिलं ते हेच. मग पितळी बेड्या घालून त्याला बाबेलला नेलं. हे इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मधलं. महिन्याभरात मंदिर जाळलं गेलं. विलापगीताचा दुसरा अध्यायही पाहा. आयांच्या कुशीत जीव सोडणारी लेकरं विचारतात, धान्य कुठे आहे? नदीकाठी बसलेले लोक हे पाहून आले होते. नवव्या वचनातला भयंकर प्रकार त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता, त्या काळच्या युद्धात तो घडतच असे. अरामाचा हजाएल इस्राएलाच्या लेकरांचं असंच करील हे ठाऊक असल्यामुळे अलीशा संदेष्टा त्याच्यासमोर रडला होता. होशेय आणि नहूम यांच्या पुस्तकांतही तेच सापडतं.

अदोमाचा राग वेगळा आहे. याकोब आणि एसाव भाऊ, म्हणून अदोम भावकीतला. नगर पडत असताना "पाडा, पायापर्यंत पाडा" म्हणून त्यांनी चिथावणी दिली. पळून चाललेल्यांना त्यांनी चव्हाट्यावर अडवून मारलं, असा ओबद्याचा आरोप आहे. परक्याच्या तलवारीपेक्षा भावकीचं ते ओरडणं अधिक टोचलेलं दिसतं, कारण स्तोत्रकर्ता परमेश्वराला "आठव" म्हणतो तो अदोमाबद्दल.

आता या वचनाचं लोकांनी काय केलं ते सांगते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्तीन म्हणाला, बाबेलची बाळं म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट वासना. त्या मोठ्या होण्याआधीच खडकावर आपटा, आणि तो खडक म्हणजे ख्रिस्त. आधार १ करिंथ १०:४ चा. त्याच्या आधी ओरिजेननेही असाच अर्थ लावला होता. पुढे बेनेडिक्टाच्या नियमातही तो आला आणि संन्यासी शतकानुशतकं तसंच प्रार्थत राहिले. सल्ला म्हणून हे मला पटतं. मोह लहान असतानाच मोडावा, खरंच आहे. पण या अर्थात नदीकाठची माणसंच नाहीशी होतात. ज्याची मुलं मारली गेली त्याला, "तुझं दुःख म्हणजे माझ्या वासनांची गोष्ट" असं मी सांगू शकत नाही.

दुसरी वाट कात्रीची. पोप पौल सहावे यांच्या काळात, १९७१ मध्ये कॅथलिक मंडळीची दैनंदिन प्रार्थना नव्याने लावली गेली. त्यात ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण गाळली आणि आणखी काहींतली वचनं काढली. आपलं १३७ वं तिथे सहाव्या वचनावर संपतं. कारण दिलं ते मानसिक अडचणीचं. पण नव्या करारातही अशी प्रार्थना आहे, असं त्याच मार्गदर्शनात नमूद केलं आहे. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेले लोक न्याय मागतात, ते त्यांच्या मनात होतं. प्रामाणिक निर्णय म्हणून मला त्याचा आदर आहे, तरी पटत नाही. वचन काढलं की सुंदर दुःख तेवढं उरतं, आणि गाणाऱ्याच्या मनात त्या दुःखाने काय केलं ते झाकलं जातं. अनेक ज्यू घरांत मात्र आठवड्याच्या इतर दिवशी जेवणानंतरच्या आभाराआधी हे स्तोत्र म्हणायची प्रथा आहे, आणि शब्बाथला त्याच्या जागी १२६ वं, परतीच्या आनंदाचं.

माझं मत सांगते. ते वचन वाचावं, पण कोण बोलतंय ते धरून वाचावं. बोलणाऱ्याच्या हातात तलवार नाही. तो कैदी आहे, आणि हे करणारा दुसराच कोणीतरी येईल असं तो म्हणतो. देवाने त्याला तशी आज्ञा दिलेली नाही आणि "होईल" असं उत्तरही स्तोत्रात नाही. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं, तेव्हा नगर जवळजवळ न लढताच पडलं आणि यहुद्यांना परतायची मुभा मिळाली. हेच वचन सैन्य बाळगणाऱ्याच्या तोंडी आलं की त्याचा अर्थ पार उलटतो. म्हणून मी वर्गात आधी विचारते, आज हे कोणाच्या तोंडी आहे? निर्वासितांच्या छावणीतल्या बाईने म्हटलं तर मी तिच्याजवळ बसून ऐकेन. मंत्र्याने व्यासपीठावरून म्हटलं तर मी उठून जाईन.

आणि त्याच बंदिवानांना यिर्मयाने पत्र पाठवलं होतं, ते २९ व्या अध्यायात आहे: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कुशलासाठी प्रार्थना करा. त्याच बाबेलसाठी! ही दोन्ही पानं एकाच शास्त्रात आहेत, आणि एकामुळे दुसरं खोडलं जात नाही. काहींना यिर्मयाचं म्हणणं ऐकायला आयुष्य गेलं असेल.

तेव्हा असं करा. ज्या दिवशी चिंटू प्रार्थनेला बसेल, त्या दिवशी सहाव्यावर थांबा. सात वर्षांच्या पोराला रिब्ला कळायची गरज नाही. आई, त्या बाबतीत तुझंच बरोबर आहे. तुम्ही दोघंच असाल तेव्हा आधी २ राजे २५ ची पहिली सात वचनं वाचा, मग पूर्ण स्तोत्र, आणि लगेच "आमेन" म्हणू नका. थोडं थांबून यिर्मया २९:७ वाचा. नवव्या वचनावर प्रवचन करायची गरज नाही. आईला रडू आलं तर येऊ दे.

वाचून झाल्यावर दोघांचं काय म्हणणं आहे ते कळवा. आईचं वेगळं लिहा, बाबा, तुमच्या शब्दांत नको. पुढच्या महिन्यात मला हा धडा पुन्हा शिकवायचा आहे आणि तिची हरकत मला वर्गासमोर मांडायची आहे.

तुमची,
सुनीता