रात्री दहाचं तापमानही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'सासवडला रात्री पांघरूण घ्यावं लागतं, पुण्यात पंखाही पुरत नाही' अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात वाचलं. तक्रार खरी आहे, पण तुलना जरा चुकली. दिवे घाट चढून गेलं की सासवड पुण्यापेक्षा साधारण दोनशे मीटर उंच आहे. शहर असो वा नसो, तेवढ्या उंचीनेच सव्वा अंश कमी होतो. तुलना करायची तर उरुळी कांचनकडच्या रानाशी करावी. उंची जवळपास तीच, आणि तरीही शांत, निरभ्र रात्री तिथे हडपसरपेक्षा गारवा असतो. माझा भाऊ तिथे शेती करतो, त्यामुळे हा फरक मी दर उन्हाळ्यात अंगावर घेतो.

त्या पत्रात सगळा दोष गाड्या आणि एसींना दिला होता. त्यांचा वाटा आहेच. पण लंडनच्या ल्यूक हॉवर्डने दोनशे वर्षांपूर्वी, मोटारी आणि एसी नसताना, शहर आणि बाहेरगावच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. त्याला शहरातली रात्र सरासरी 3.7 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सिअस, जास्त उबदार आढळली. दिवस मात्र किंचित थंडच निघाला! कोळशाच्या शेगड्या तेव्हा होत्या, पण दिवसा नाही आणि रात्रीच फरक का, हे त्यांच्यावरून उलगडत नाही.

मी बांधकामात तीस वर्षं काढली, म्हणून स्लॅबचाच हिशेब मांडतो. सहा इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण 360 किलो भरतं. एप्रिलच्या उन्हात तो पहाटेपासून दुपारपर्यंत सरासरी दहा अंशांनी तापला, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीत सुमारे 80 युनिट उष्णता साठते. दीड टनाच्या एसीला एवढी उष्णता बाहेर काढायला पूर्ण ताकदीने पंधरा तास चालावं लागेल. सूर्य मावळला की हे भांडवल स्लॅब हळूहळू परत करू लागतो, काही वर आकाशाकडे आणि काही खाली आपल्या पलंगावर. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रात्री अकराला छताला हात लावून पाहावा.

नांगरलेलं कोरडं रानही दुपारी चटका बसेल इतकं तापतं, कधीकधी शहरापेक्षाही जास्त. पण ढेकळांत हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता वरच्या काही इंचांतच अडते आणि दिवस मावळताच उडून जाते. भिजवलेल्या उसाची गोष्ट निराळी. तिथे ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं, एका लिटरला जवळपास पाऊण युनिट, आणि जमीन तापायला फारसं काही उरतच नाही.

उष्णता बाहेर पडायला उघडं आकाशही लागतं, आणि शहरात नेमकं तेच नसतं. सात मजली इमारतींची लांबलचक रांग समोरासमोर आणि मध्ये जेमतेम वीस फूट, अशा बोळात जमिनीवरून थेट आकाशाकडे जायची वाट सातव्या हिश्श्याएवढीच उरते. बाकी उष्णता एका भिंतीकडून निघते आणि दुसरीवर आदळते. वाराही तिथे शिरत नाही. रस्त्याकडेची झाडं दिवसा सावली धरतात ते फार मोलाचं, पण रात्री त्यांचा दाट मांडवही आकाश थोडं झाकतो. म्हणून रात्रीसाठी झाडांवरच भिस्त ठेवू नये. गच्चीला दरवर्षी चुना मारला तर स्लॅबमध्ये साठणारी उष्णताच बरीच कमी होते. भिंतींना मात्र त्याने काही फरक पडत नाही.

आता आपल्याकडे मागणं. आपण रोज कमाल आणि किमान तापमान छापता, पण शहर आणि रान यांतला फरक सर्वात ठळक दिसतो तो सूर्यास्तानंतर काही तासांनी. रान तेव्हा झपाट्याने निवत असतं आणि स्लॅब अजून गरम असतो. पहाटेच्या किमान आकड्यापर्यंत तो फरक बऱ्याचदा कमी झालेला असतो. तेव्हा रात्री दहाची नोंदही द्यावी, आणि ती शिवाजीनगर, पाषाण, मगरपट्टा अशी ठिकाणवार द्यावी. पारा मातीवर आहे की गच्चीवर, हेही सोबत लिहावं. गच्चीवरचं यंत्र रात्री स्लॅबचीच ऊब मोजतं. उलट पाषाणसारख्या टेकड्यांलगतच्या सखल भागात थंड हवा उतरून साचते, तिथला कमी आकडा सगळाच झाडीमुळे नसतो. हे न सांगता दोन आकडे शेजारी छापले, तर वाचक पुन्हा सासवडचीच चूक करतील.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, हडपसर, पुणे