गॅस कनेक्शन परत केले, अनामत रक्कम मात्र व्हाउचरवरील दराने मिळत नाही

दिनांक : 29 सप्टेंबर 2025
कोल्हापूर

प्रति,
मा. क्षेत्रीय विक्री अधिकारी,
घरगुती गॅस विभाग

विषय : दोन टाक्यांचे कनेक्शन परत केल्यानंतर अनामत रक्कम रु. 3,800 मिळणे व टर्मिनेशन व्हाउचर मिळणे याबाबत.

संदर्भ : वितरकाकडे दिनांक 12 ऑगस्ट 2025 रोजी दिलेला अर्ज व त्याच दिवशीची टाक्या जमा केल्याची पोच.

महोदय,

मी 2016 पासून आपल्या कंपनीच्या घरगुती गॅसची ग्राहक आहे. गेल्या जून महिन्यात मी रंकाळ्याजवळील माझी भाड्याची जागा सोडून कसबा बावड्यात मुलाकडे राहायला आले. मुलाच्या नावावर आधीच गॅस कनेक्शन आहे आणि एका घरात, एका स्वयंपाकघरात दोन कनेक्शने ठेवता येत नाहीत, म्हणून माझे कनेक्शन मी स्वतःहून परत केले. त्याला आज दीड महिना होऊन गेला, तरी माझी अनामत रक्कम मिळालेली नाही आणि कनेक्शन बंद झाल्याचा कागदही मिळालेला नाही. वितरकाच्या कार्यालयात मी चार वेळा जाऊन आले. तेथे मला देऊ केलेली रक्कम रु. 3,050 आहे आणि माझ्या हिशेबाने ती रु. 3,800 होते. हा रु. 750 चा फरक कोठून आला, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे, कारण माझ्या मते ही नजरचूक नसून हिशेबाची पद्धतच चुकीची आहे.

माझ्याकडे दोन सबस्क्रिप्शन व्हाउचर आहेत. पहिले 2016 मधील असून त्यावर एका 14.2 किलोच्या टाकीची अनामत रु. 1,450 आणि रेग्युलेटरची अनामत रु. 150 अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. दुसरे व्हाउचर 22 ऑगस्ट 2022 चे आहे. त्या वर्षी गौरी-गणपतीच्या तोंडावर टाकी संपून पंचाईत होऊ नये म्हणून मी दुसरी टाकी घेतली. त्याच्या दोन महिने आधी, 16 जून 2022 पासून, नवीन टाकीची अनामत रु. 1,450 वरून रु. 2,200 आणि रेग्युलेटरची रु. 150 वरून रु. 250 झाली होती, आणि दुसरी टाकी घेणाऱ्या जुन्या ग्राहकालाही त्या टाकीपुरता नवीनच दर लागू होता. त्याप्रमाणे मी त्या दिवशी रु. 2,200 अनामत भरली. दोन टाक्यांना रेग्युलेटर एकच पुरतो, म्हणून दुसऱ्या व्हाउचरवर रेग्युलेटरची ओळच नाही. त्या दिवशीच्या गॅसची किंमत त्यावर स्वतंत्र दाखवलेली आहे आणि ती परत मिळणार नाही, हे मला माहीत आहे. अनामतीच्या ओळी तेवढ्या घेतल्या तर 1,450 अधिक 150 अधिक 2,200 असे एकूण रु. 3,800 होतात.

12 ऑगस्ट रोजी दोन्ही टाक्या आणि रेग्युलेटर मुलाने टेम्पोतून वितरकाच्या गोदामात नेले. मीही सोबत होते. तेथील कामगाराने माझा रेग्युलेटर एका भरलेल्या टाकीवर बसवला, मूठ फिरवली, कान जवळ नेऊन आवाज ऐकला आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहिले. माझ्या एका टाकीत थोडा गॅस उरलेला होता. वजनकाट्यावर ती 17.1 किलो भरली. टाकीच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन 15.6 असे कोरलेले होते, म्हणजे आत दीड किलो गॅस होता. उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत, असे त्याने सांगितले व ते मी मान्य केले. शेगडी आणि रबरी नळी माझ्या मालकीची असल्याने ती कोणी मागितली नाही. हे सर्व मुद्दाम लिहीत आहे, कारण टाकी खराब आहे, रेग्युलेटर चालत नाही किंवा वस्तू कमी आहेत, अशी कोणतीही हरकत त्या दिवशी किंवा त्यानंतर कोणी घेतलेली नाही. गोदामातील त्या कामगाराचे काम चोख होते.

अडचण सुरू झाली ती कार्यालयातील काउंटरवर. तेथील कर्मचाऱ्याने संगणकात माझे नाव काढले, 'टाक्या 2' असे वाचले, कॅल्क्युलेटरवर 1,450 ला 2 ने गुणले, रेग्युलेटरचे 150 मिळवले आणि 3,050 हा आकडा एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे सरकवला. मी दुसरे व्हाउचर दाखवले तेव्हा त्यांचे म्हणणे असे पडले की, रु. 2,200 हा नवीन ग्राहकांचा दर आहे, तुम्ही 2016 च्या ग्राहक आहात, तेव्हा तुम्हाला जुनाच दर मिळेल.

या युक्तिवादातील अर्धा भाग बरोबर आहे आणि तो मी आधीच मान्य करते. अनामत परत करताना आजचा दर पाहत नाहीत. त्या त्या टाकीसाठी ग्राहकाने व्हाउचरवर जी रक्कम भरलेली असते, तीच परत मिळते. म्हणूनच पहिल्या टाकीचे मी रु. 2,200 मागत नाही, आणि रेग्युलेटरचेही रु. 250 मागत नाही. आज दर वाढलेला असला तरी माझ्याकडून 2016 मध्ये जे घेतले तेवढेच मला मिळावे, यात माझी तक्रार नाही. परंतु हाच नियम दुसऱ्या टाकीलाही लावावा लागतो. ती टाकी 2022 मध्ये घेतलेली आहे, तिचे व्हाउचर वेगळे आहे, त्यावर वितरकाचा शिक्का व सही आहे आणि भरलेली रक्कम रु. 2,200 अशी छापलेली आहे. ग्राहक जुनी की नवी, यावर अनामत ठरत नसून ती कोणत्या व्हाउचरवर भरली, यावर ठरते. ज्यांनी दुसरी टाकी जून 2022 नंतर घेतली, अशा प्रत्येक जुन्या ग्राहकाचा हिशेब या काउंटरवर याच पद्धतीने होत असेल, तर रु. 750 ची ही तूट माझ्या एकटीची नसावी, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट याहून अधिक गंभीर आहे. रु. 3,050 घ्यायचे असतील तर 'संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही' अशा मजकुराखाली सही करा, असे मला सांगण्यात आले. मी सही दिली नाही. निदान वाद नसलेली रक्कम द्या आणि उरलेल्या रकमेबाबत मी कंपनीकडे लिहिते, अशी विनंती मी केली, तीही मान्य झाली नाही आणि तेव्हापासून सगळेच थांबले आहे. माझ्या हातात आज केवळ वितरकाच्या पॅडवरची पोच आहे : 'टाक्या 2, रेग्युलेटर 1 जमा', तारीख आणि शिक्का. कनेक्शन खरोखर बंद झाल्याचा पुरावा असलेले टर्मिनेशन व्हाउचर मला दिलेले नाही. (काउंटरवर त्याला 'टीव्ही' म्हणतात, 'टीव्ही निघाला नाही अजून' हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी क्षणभर गोंधळले होते.)

ते व्हाउचर निघालेले नाही, हे मला 20 सप्टेंबर रोजी निश्चित कळले. नेहमीच्या बुकिंग क्रमांकावर मी मुद्दाम माझ्या जुन्या मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला, आणि काही क्षणांत बुकिंग नोंदल्याचा संदेश आला. ते बुकिंग मी लगेच रद्द केले. याचा अर्थ असा की, टाक्या गोदामात पोहोचल्या असल्या तरी कंपनीच्या नोंदीत त्या अजून माझ्याच ताब्यात आहेत. उद्या माझ्या नावावर कोणी गॅस उचलला, किंवा एकाच पत्त्यावर दोन कनेक्शने दिसतात म्हणून मुलाच्या कनेक्शनवर हरकत आली, तर त्याचे उत्तर मी काय द्यायचे? पॅडवरची पोच त्या वेळी किती उपयोगी पडेल, याची मला शंका आहे.

1800-2333-555 या क्रमांकावर मी 2 सप्टेंबर रोजी तक्रार नोंदवली होती. तीन दिवसांनी 'वितरकाशी संपर्क साधून तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे' असा संदेश आला आणि तक्रार बंद झाली. मला कोणीही दूरध्वनी केला नाही. निवारण कोणाचे झाले, हे मला समजलेले नाही.

तरी माझी विनंती अशी आहे की, दोन्ही व्हाउचरांची आपल्या कार्यालयातील नोंदीशी पडताळणी करून प्रत्येक टाकीची अनामत तिच्या व्हाउचरवरील दराने धरावी आणि एकूण रु. 3,800 माझ्या बँक खात्यात जमा करावेत. कनेक्शन 12 ऑगस्ट 2025 या तारखेपासून बंद झाल्याचे टर्मिनेशन व्हाउचर द्यावे. ते आज काढले तरी टाक्या जमा केल्याची खरी तारीख त्यावर नमूद असावी. 'यापुढे दावा नाही' अशा मजकुरावर सही घेण्याची अट या व्यवहारातून काढून टाकावी. रक्कम मिळाल्याची साधी पावती मी आनंदाने लिहून देईन.

ही अनामत इतकी वर्षे बिनव्याजी आपल्याकडे होती, त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. नियमच तसा आहे. मात्र टाक्या परत घेतल्यानंतर ती अडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी आहे, असे मी समजते. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे मला घाई नाही. पण तेथे जावे लागलेच तर 12 ऑगस्टपासूनचे व्याज आणि हेलपाट्यांचा खर्चही मी मागेन.

मूळ व्हाउचर मी जवळ ठेवले आहेत. पडताळणीसाठी बोलावल्यास ते घेऊन मी स्वतः आपल्या कार्यालयात येईन. सकाळी अकरानंतरची कोणतीही वेळ मला चालेल.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)
ग्राहक, कसबा बावडा, कोल्हापूर
(ग्राहक क्रमांक व मोबाइल क्रमांक सोबतच्या प्रतींवर)

सोबत : 2016 व 2022 च्या सबस्क्रिप्शन व्हाउचरांच्या छायाप्रती, 12 ऑगस्टची पोच, रु. 3,050 चा आकडा लिहिलेली काउंटरवरील चिठ्ठी, 20 सप्टेंबरच्या बुकिंग संदेशाची छापील प्रत, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत.