मंत्रीमहोदय, रुग्णालयाच्या दारात उभं राहून जिल्हा मोजता येत नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जिल्ह्यातील कर्करोगाचा भार लोकसंख्याधारित नोंदणीवरून ठरवण्याबाबत, तसेच नोंदणीला मृत्युनोंदी व गृहभेटींची सोय मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी कॅन्सर रजिस्ट्रीत सोशल इन्व्हेस्टिगेटर म्हणून अनेक वर्षं काम करून निवृत्त झाले. रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून केसपेपर चाळायचे, पॅथॉलॉजी लॅबची रजिस्टरं उतरवून घ्यायची, ग्रामपंचायतीतल्या मृत्युनोंदी वाचायच्या आणि मग एसटीने त्या त्या गावी जाऊन माणसं शोधायची, असं ते काम होतं.

निवृत्तीच्या थोडं आधी एका जिल्ह्याच्या आढावा बैठकीला गेले होते. तिथल्या रुग्णालयातले कर्करोगाचे रुग्ण दोन वर्षांत दुप्पट झाले, म्हणजे जिल्ह्यात कर्करोग दुप्पट झाला, असं पडद्यावरच्या तक्त्यावरून सांगण्यात आलं आणि त्यावर निधीची चर्चाही झाली. त्या दोन वर्षांत तिथे रेडिएशनचं मशीन आलं होतं आणि योजनेतून मोफत उपचार सुरू झाले होते, त्यामुळे शेजारच्या तीन जिल्ह्यांतले रुग्ण तिकडे येऊ लागले होते. वाढ खरी होती, पण ती रुग्णालयाची होती. मी तेव्हा बोलले नाही, हे मला अजून लागतं. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे दोन प्रकारच्या नोंदणी चालतात. रुग्णालयाधारित नोंदणीत दारात आलेला प्रत्येक रुग्ण लिहिला जातो, मग तो कुठलाही असो. कोणत्या टप्प्यावर आला, कोणता उपचार दिला, उपचार अर्धवट सोडला का, हे त्यातूनच कळतं, आणि त्या कामाला तिला पर्याय नाही. लोकसंख्याधारित नोंदणी मात्र आधी हद्द आखते. त्या हद्दीत राहणाऱ्या माणसाला त्या वर्षी नव्याने कर्करोग झाला की तो मोजायचाच, मग निदान सोलापूरला होवो, पुण्याला होवो की हैदराबादला. मुंबईत ही नोंदणी 1963 पासून आहे आणि देशातली ती पहिली. परळच्या टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर थांबलेले बहुसंख्य रुग्ण मुंबईबाहेरचे असतात. त्यांना मुंबईचे धरलं तर मुंबईचा आकडा भलताच फुगेल आणि ज्या गावांतून ते आले तिथला आकडा तेवढाच खाली जाईल.

हिशेब कसा होतो ते एका काल्पनिक जिल्ह्यावर दाखवते. समजा लोकसंख्या 16 लाख आहे आणि जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात वर्षात 1100 कर्करोगी आले. सरळ भागाकार केला तर लाखामागे जवळपास 69 येतात. पण पत्ते तपासले तर 620 जण बाहेरच्या जिल्ह्यांतले निघतात. उरलेल्या 480 पैकी 60 जणांचं निदान मागच्या वर्षीच झालेलं असतं, ते आता पुढच्या उपचाराला आलेले असतात. नव्या रुग्णांत ते बसत नाहीत, म्हणून राहिले 420.

आता दुसरी बाजू. बाहेरगावची रुग्णालयं आणि लॅब पालथ्या घातल्यावर याच जिल्ह्याचे 510 नवे रुग्ण सापडतात. त्यातले 70 आपल्या 420 मध्ये आधीच आहेत. हे सत्तर ओळखणं हे आमच्या कामातलं सगळ्यात चिकट काम. एका रुग्णालयात बाईचं नाव माहेरचं, दुसऱ्यात सासरचं; एकीकडे वय 45, दुसरीकडे 50; पत्ता म्हणून पुण्यातल्या भावाचं घर. ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या पेपरवर तर साखर कारखान्याचा पत्ता असतो आणि घर असतं बीडच्या एखाद्या तांड्यावर. दुबार नावं काढल्यावर 440 उरतात. म्हणजे एकूण 860.

मग मृत्युनोंदी. कर्करोगाने मृत्यू असं लिहिलेली, पण आमच्याकडे नसलेली 60 नावं मिळतात. घरी गेलं की 25 जणांच्या घरी पिशवीत गुंडाळून ठेवलेले, त्याच वर्षीचे रिपोर्ट निघतात. उरलेल्या 35 जणांचा मृत्युनोंदीपलीकडे कुठेच माग नसतो. त्यांना आम्ही डीसीओ म्हणतो, डेथ सर्टिफिकेट ओन्ली. तेही मोजायचे. एकूण 920, म्हणजे लाखामागे 57.5. रुग्णालयाचा कच्चा आकडा 69 होता. त्यातून फक्त बाहेरचे वगळले असते तर 30 आला असता. एक चूक वरच्या बाजूला नेते, दुसरी खालच्या, आणि दोन्ही आकडे सरकारी कागदावर सारखेच खरे दिसतात.

यानंतर वयाचा प्रश्न येतो. कर्करोग वयाबरोबर वाढतो, म्हणून जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे रुग्ण जास्त दिसणारच. तरुण निघून गेलेलं गाव आणि तरुणांनी भरलेलं शहर यांची तुलना करायची तर प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढायचा आणि तो एकाच ठरलेल्या प्रमाण लोकसंख्येवर बसवायचा. याला वयसमायोजित दर म्हणतात. जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना फक्त याच आकड्याने करावी.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात पुरुषांचा सर्वांत जास्त वयसमायोजित दर मिझोराममधल्या ऐझॉलचा होता, लाखामागे 269.4. सर्वांत कमी दर आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, आणि बीड या जिल्ह्यांचा होता, 39.5. सातपटीच्या जवळ फरक. हा आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. शेजारच्या बार्शीत 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत तिचे कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणं असलेली माणसं शोधतात, रुग्ण दारात येण्याची वाट पाहत नाहीत. एवढं शोधूनही तिथला दर देशातल्या खालच्या दरांतच राहिला. त्यामुळे या भागात कर्करोग खरोखरच कमी असेल, याला आधार आहे. पण किती कमी, हा प्रश्न उरतोच, आणि 39.5 पाहून या जिल्ह्यांची गरज कमी धरण्याआधी आपल्या अधिकाऱ्यांनी काही गोष्टी तपासाव्यात अशी माझी विनंती आहे.

पहिलं म्हणजे डीसीओचं प्रमाण. माझ्या उदाहरणात 920 मध्ये 35, म्हणजे 3.8 टक्के. ते फार वाढलं तर जिवंतपणी रुग्ण सुटत आहेत हे कळतं. पण ते फार कमी असलं म्हणून लगेच समाधान मानू नये. गावच्या मृत्युनोंदीत मी किती वेळा 'म्हातारपण', 'ताप', 'हृदय बंद पडल्याने' असं वाचलं आहे. एका गावात 'अशक्तपणा' लिहिलेल्या आजोबांच्या घरी गेले तर सुनेने सांगितलं, शेवटचे चार महिने त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं. अन्ननलिकेचा कर्करोग असावा असं मला वाटलं, पण तपासणीच झाली नव्हती, त्यामुळे मी ते नाव लिहू शकले नाही. मृत्युनोंदीत कर्करोग हा शब्दच येत नसेल तर डीसीओ शून्याजवळ येईल आणि नोंदणी कागदावर उत्तम दिसेल.

म्हणून दुसरी खूणही पाहावी. वयोगटांप्रमाणे दराचा आलेख काढला तर तो उतारवयात चढत जायला हवा. पासष्टीनंतर तो एकदम कोसळत असेल तर म्हाताऱ्यांना कर्करोग होत नाही असं नसून त्यांना कुणी तालुक्याला नेत नाही, असं समजावं. तसंच जवळपास सगळ्या नोंदी बायोप्सीवरच्या असतील तर तेही चांगलं लक्षण नाही. यकृताचा, मेंदूचा, फुप्फुसाचा कर्करोग पुष्कळदा तुकडा न काढताच स्कॅनवर ठरतो; शंभर टक्के बायोप्सी म्हणजे नोंदणी फक्त लॅबच्या दारात उभी आहे. आणि भागाकारातली खालची संख्या विसरू नये. 2011 नंतरची जनगणना लांबत गेली, त्यामुळे वर्षानुवर्षं आम्ही अंदाजित लोकसंख्येने भागत आलो.

बीडबद्दल आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेली, हे 2019 मध्ये राज्यापुढे आलंच आहे. गर्भाशयाबरोबर मुखही काढलं गेलं असेल तर त्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याची शक्यता जवळपास उरत नाही. पण भागाकारात ती मोजली जाते, कारण नोंदणी सगळ्या स्त्रियांनी भागते. तिथला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर कमी दिसला तर त्यातला काही भाग त्या शस्त्रक्रियांचा असू शकतो. उरलेल्या स्त्रियांचा धोका त्याने कमी झालेला नाही.

आता जगण्याच्या टक्केवारीकडे येते. रुग्णालयाच्या पत्रकात 'पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण' छापलेलं असतं. तिथे पोहोचू शकलेले, बहुधा उपचार पूर्ण केलेले, एवढ्यांचंच ते प्रमाण असतं. घरीच राहिलेले त्यात नसतात. लोकसंख्याधारित नोंदणी सगळ्यांना धरते, म्हणून तिचा आकडा बहुतेक वेळा खाली असतो. पण तिचाही आकडा एकाच गोष्टीवर उभा असतो : माणूस आज जिवंत आहे का, हे कुणी जाऊन पाहिलं का?

पुन्हा उदाहरण घेते. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या 100 बायका. पाच वर्षांनी 40 वारल्याचं माहीत आहे, 25 जिवंत असल्याचं माहीत आहे, 35 जणींचा पत्ता नाही. मृत्यूची खबर आली नाही म्हणून त्या 35 जिवंत धरल्या तर प्रमाण येतं 60 टक्के. त्यांना हिशेबातून वगळलं तर 65 पैकी 25, म्हणजे 38 टक्के. संख्याशास्त्राची चांगली पद्धत तिसरी आहे. प्रत्येक बाई शेवटची दिसली त्या तारखेपर्यंत ती मोजते आणि पुढे तिचं इतरांसारखंच झालं असेल असं मानते. अडचण या मानण्यातच आहे. ज्यांनी येणं थांबवलं त्यांचं इतरांसारखं झालेलं नसतं. पैसे संपले, अंथरूण धरलं, म्हणून तर येणं थांबलेलं असतं. समजा आता आम्ही त्या 35 घरी गेलो आणि 27 घरांत फोटोला हार दिसला. खरं प्रमाण निघालं 33 टक्के. त्यानंतर वयोमानाने इतर कारणांनीही जे मृत्यू झाले असते ते हिशेबात घ्यायचे. त्याच वयाच्या सर्वसाधारण 100 बायकांपैकी 93 पाच वर्षं जगतात असं धरलं, तर 33 ला 0.93 ने भागून सापेक्ष प्रमाण येतं सुमारे 35. त्याच शंभर बायका, पण आकडा 60 छापायचा की 35, हे ठरतं एसटीच्या तिकिटावर.

महोदय, माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिल्ह्यांच्या आढाव्यात रुग्णालयाचा आकडा दाखवायचा असेल तर त्यात जिल्ह्यातले रहिवासी किती आणि त्या वर्षीचे नवे किती, हे शेजारी लिहिल्याशिवाय तो स्वीकारू नये. मृत्युनोंदणीच्या याद्या नावानिशी, गोपनीयतेच्या अटींवर, दरमहा नोंदणीला मिळाव्यात. आज त्या ग्रामसेवकाच्या मर्जीवर मिळतात. आणि प्रत्येक नोंदणीत फक्त फॉलोअपसाठी फिरणारी माणसं कायम पदावर असावीत. मी ज्या टेबलावर काम केलं तिथे फॉलोअपच्या फायलींचा एक गठ्ठा होता, दोरीने बांधलेला, गावांची नावं वर लिहिलेला. माझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, तो गठ्ठा तसाच असणार. त्यातल्या बायकांपैकी आज कोण आहे आणि कोण नाही, हे पाहायला कुणाला तरी पाठवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी