खारूताईची निळी बादली: एक आभारपत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

लाकूडतोड्या आणि जलदेवतेच्या गोष्टीवरून केलेली आमची यमकबद्ध पटकथा तुम्ही ओळीओळीने तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. चार वर्षांच्या मुलांसाठी लिहिणाऱ्या इतरांनाही तुमच्या सूचना उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहोत.

सोन्याची कुऱ्हाड पाहून मोठ्यांना मोह होतो. या वयाच्या मुलाला सोन्याचं मोलच ठाऊक नसतं, मग ती नाकारण्यात विशेष काय, हे त्याला कसं कळावं? तुमच्या सांगण्यावरून कुऱ्हाडीची बादली झाली, लाकूडतोड्याची खारूताई आणि देवतेचा कासवदादा. तो आधी चांदण्या लुकलुकणारी बादली वर आणतो, मग शिट्टी वाजवणारी, आणि शेवटी तिची पोचे पडलेली निळी. आता मोह पडद्यावरच दिसतो.

ध्रुवपदाची दुसरी ओळ आधी अशी होती:

चमचम आहे, माझी नाही,
माझी निळी, साधीच बाई!

दोन्ही ओळींत सोळा मात्रा, म्हणजे कागदावर हिशेब चोख. पण आठव्या मात्रेला टाळी पडते, ती दुसऱ्या ओळीत ‘साधीच’ शब्दाच्या मधोमध. गाणारं मूल नेमकं तिथे अडखळतं. तुम्ही नुसते शब्द हलवलेत: ‘माझी साधी, निळीच बाई!’ मात्रा तेवढ्याच, आणि टाळी शब्द संपल्यावर पडते. मात्रा मोजून थांबू नये, टाळी वाजवत म्हणून बघावं, हे यातून पक्कं झालं.

‘ही का तुझी?’ या प्रश्नानंतर दोन सेकंद मोकळे ठेवण्याची सूचनाही तुमचीच. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ४८ फ्रेम कुणी बोलत नाही, म्हणजे उत्तर मुलांना देता येतं. त्या वेळात चित्र मात्र थिजू देऊ नये, नाहीतर व्हिडिओ अडकला असं वाटतं. म्हणून खारूताई बादलीकडे बघते, शेपटी हलवते, पुढे केलेला हात मागे घेते.

सर्वात मोठी कात्री शेवटाला लागली. खोटं बोलून स्वतःची कुऱ्हाडही गमावणारा लोभी शेजारी तुम्ही काढायला लावलात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या होत्या. खोट्याची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टींनी फरक पडला नाही. खरं बोलल्याबद्दल कौतुक होणाऱ्या गोष्टीने मुलं जास्त खरं बोलली. तिन्ही बादल्या बक्षीस देणंही आम्ही टाळलं, कारण ‘नाही म्हटलं की सगळंच मिळतं’ एवढंच मुलाच्या लक्षात राहण्याचा धोका होता. आता खारूताईला तिची निळी बादली मिळते आणि कासवदादा म्हणतो, ‘खरं सांगितलंस, मला फार आवडलं.’ हे वाक्य यमकात बसत नव्हतं. ते तसंच गद्यात ठेवा, हा तुमचा सल्लाही आम्ही मानला.

आपले कृतज्ञ,
पटकथा-लेखक मंडळी